‘नाही’ म्हणायला शिकवणारे सर

आमच्या प्रशिक्षक सरांच्या ‘नाही म्हणायला शिका’ कार्यशाळेचं माहितीपत्रक सुधारायला माझ्याकडे आलं, ते वाचून माझं डोकंच फिरलं. फायदा काय, तर ‘आयुष्य उजळेल’. कुणासाठी, तर शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांसाठी.

“सगळे कशाला?” मी सरांना विचारलं.

“सगळ्यांनीच विचारलं हो. नको कसं म्हणणार?”

मी कात्री चालवली. फक्त नवे टीम लीडर. सकाळी उदाहरणं, दुपारी जोडीने सराव. फायदा: संध्याकाळपर्यंत त्यांना जादा काम न भांडता, कारण देऊन नाकारायला जमू लागेल. राहिला सरांचा परिचय.

“शेवटचं ‘नाही’ कुणाला म्हणालात?”

सर आठवत बसले. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला, आणि नेमकं कार्यशाळेच्याच दिवशी त्याचं सामान हलवायचं सरांनी कबूल केलं.

मग माझा मसुदा वाचून खूश झाले.

“फारच उपयोगी आहे. शिकवणार कोण?”