चिंधूबाचं काळीज

चिंधूबाले अंतरगळ होता, आणि तो काही आजकालचा नव्हता. साकोलीकडं शेतात नांगर धरायचा तेव्हापासूनचा. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ यायची. तो आडवा व्हायचा, दोन बोटांनी दाबायचा, गाठ आत. वरून लंगोट करकचून बांधायचा की झालं, पुन्हा कामाला मोकळा.

पोरगा केवलराम भिलाईच्या पोलाद कारखान्यात रेल मिलमध्ये लागला आणि म्हाताऱ्याला कामगारांच्या कॅम्पातल्या क्वार्टरात घेऊन आला. त्या वर्षी गाठ मोठी व्हायला लागली. आत जाताना नखरे करायला लागली. म्हणून केवलरामनं आपल्या बाला कारखान्याच्या हॉस्पिटलात दाखवलं.

तिथं सर्जन होते डॉक्टर पांढरीपांडे, नागपूरचे. कमी बोलणारा माणूस. त्यांनी नाडी धरली, प्रेशर घेतलं, छातीला पुढून-मागून नळी लावली, मानेची शीर पाहिली, पायाच्या घोट्यावर अंगठा दाबून सूज पाहिली. मग विचारायला लागले. चालताना छातीत आवळते का? रात्री उताणं झोपलं की दम कोंडते का? कधी चक्कर येऊन पडला का? म्हातारा सगळ्याले नाही म्हणत गेला. गावाकडून तांदळाचं बोचकं डोक्यावर घेऊन येतो आणि दुर्ग स्टेशनचा पूल एका दमात चढतो, हे मात्र त्यानं न विचारता सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, चला, दाखवा. आणि त्याला घेऊन हॉस्पिटलचा जिना चढले. वर पोचल्यावर म्हातारा हसत म्हणाला, "डॉक्टर, तुमालेच दम लागला ना जी."

खाली येऊन डॉक्टरांनी सांगितलं की जागा सुन्न करून छोटं ऑपरेशन होईल, येत्या आठवड्यात भरती करा. अंतरगळ कधी अडकेल सांगता येत नाही, त्याच्या आधी झालेलं बरं.

केवलराम उठला नाही. त्याच्या डोक्यात एक गोष्ट होती. टाइम ऑफिसचे आनंदराव साहेब, त्यांच्या वडिलांचं ऑपरेशन व्हायच्या आधी मशीन लावून काळजाची पट्टी, म्हणजे ई.सी.जी., काढली होती. सगळ्या मिलला माहीत होतं. त्यानं भीत भीत विचारलं, "साहेब, बाची पट्टी नाही काढत?"

"गरज नाही. काही निघालं तरी मी हेच ऑपरेशन असंच करणार."

"आनंदराव साहेबांच्या बाबाची काढली होती."

"त्यांचं वेगळं होतं," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

वेगळं होतं. हे दोन शब्द केवलरामनं वाटभर घोळवले. घरी येईपर्यंत त्यांचा अर्थ पक्का झाला होता. ते साहेब लोक, आपण हातोडेवाले. त्यांचं काळीज काळीज, आपल्या बाचं काय, बैलाचं? बायको रमा म्हणाली की डॉक्टरनं मामाजीले एवढं तपासलं, जिना चढवला, अजून काय पाहिजे? पण तो ऐकण्यात नव्हता. भरतीची तारीख त्यानं जाऊ दिली आणि बाला घेऊन रायपूरला गेला. तिथं एका खासगी डॉक्टराकडं मशीन होती.

पट्टी निघाली. तो डॉक्टर बराच वेळ तिच्यावर मान घालून बसला. मग म्हणाला, काळजातल्या विजेची उजवी तार हळू चालते. ऑपरेशनची घाई नको, दोन महिने आराम करा, मग नागपूरला मोठ्या डॉक्टरला दाखवू.

केवलराम परत आला तो एकाच वेळी घाबरलेला आणि खूश. बघा, मी म्हणत नव्हतो? निघालं ना काही?

त्या दिवसापासून म्हातारा खाटेवर. चरोद्याच्या यार्डात मालगाड्या जोडताना बघायला तो रोज पायी जायचा, ते बंद. पाण्याची बादली उचलायची नाही, बाजारात जायचं नाही. चिंधूबा चिडायचा. "केवल्या, मी बिमार नाही ना रे. कावून मले झोपवून राहिला?" केवलराम पट्टीची गुंडाळी दाखवायचा. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं, पण कागदाला तो भ्यायचा. गप पडून राहायचा.

महिना झाला नसेल. एका सकाळी गाठ बाहेर आली ती आत जाईना. म्हाताऱ्यानं दाबून पाहिली, गरम पाण्यानं शेकून पाहिली. गाठ दगडासारखी, हात लावू देईना. दुपारी ओकाऱ्या सुरू झाल्या.

रमा म्हणाली, "आत्ताच हॉस्पिटलात नेऊ."

केवलराम तयार होईना. तिथं नेलं की ते पोट फाडणार, आणि बाच्या काळजाची तार तर कमजोर. टेबलावरच जाईल. आधी रायपूरच्या डॉक्टरला विचारून येतो म्हणून तो निघाला. तो डॉक्टर बाहेरगावी होता. केवलराम त्याच्या दारात वाट पाहत बसला, संध्याकाळी हात हलवत परत आला. तोवर रमानं शेजारचा गुलाबराव बोलावून म्हाताऱ्याला सायकल रिक्शात घातलं होतं आणि हॉस्पिटलात नेलं होतं.

केवलराम धावत तिथं पोचला, पट्टी पुढं केली. पांढरीपांडे डॉक्टरांनी ती एक नजर पाहिली.

"हे म्हाताऱ्या माणसात दिसतं कधी कधी. तक्रार काही नसेल तर याचं काही करायचं नसतं. आता आतडं अडकलंय, थांबलो तर नक्की जाईल."

पोट उघडलं तेव्हा हातभर आतडं काळं पडलेलं निघालं. डॉक्टरांनी तेवढं कापलं, चांगल्याला चांगलं जोडलं. पण विष अंगात भिनलं होतं. म्हाताऱ्याला ताप चढला, पोट फुगलं. शुद्धीत असताना त्यानं केवलरामला जवळ घेऊन एवढंच विचारलं, आज यार्डात गाड्या किती लागल्या होत्या. केवलरामले माहीत नव्हतं. त्यानं खूप लागल्या म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी चिंधूबा गेला.

बाहेर बाकावर डॉक्टर येऊन बसले. केवलरामनं खाली बघत विचारलं, "काळजानंच दगा देला ना साहेब?"

डॉक्टर म्हणाले, "नाही. काळीज सगळ्यात शेवटी थांबलं. ते लढत होतं." मग म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला बसवून समजावून सांगायला पाहिजे होतं. मी दोन शब्दांत वाटेला लावलं."

केवलरामला वाटलं, हा माणूस आपल्याला शिव्या देता तर बरं होतं.

तेरवीला आनंदराव साहेब आले. बोलता बोलता त्यांच्याच तोंडून निघालं की त्यांच्या वडिलांना ऑपरेशनच्या ठरलेल्या तारखेच्या दोन महिने आधी छातीत जोराची कळ आली होती, घामानं न्हाऊन निघाले होते. पट्टीत हार्ट अटॅक निघाला, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन सहा महिने पुढं ढकललं. केवलरामच्या हातात वाढायचं भांडं होतं. त्यानं ते खाली ठेवलं आणि मागं न्हाणीत जाऊन नळ सोडून उभा राहिला. पाणी वाहत राहिलं.

पावसाळा सरल्यावर गुलाबराव आला. त्याच्या मायला, ठकूबाईला, पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं. भरती व्हायच्या आधी रायपुरात पट्टी कुठं काढतात, पत्ता दे म्हणाला.

केवलरामनं त्याला खाली बसवलं. पाणी दिलं.

"काकू दुर्गचा पूल चढते काय?"

"छे रे. आंगणातून दारापर्यंत येता येता दम लागते. तीन उशा लावून झोपते. पायही सुजले आहेत."

"डॉक्टरले सांगितलं हे?"

"त्यानं विचारलं होतं. माय म्हणे, मी बरी आहे. मी काय बोलू मधात?"

केवलराम उठला, चपला घातल्या. "तिची पट्टी काढा लागते. पण रायपूरले नाही, पांढरीपांडे साहेबांकडं चाल. सारं सांग, जसं आहे तसं."

दोघं निघाले. रस्त्यात चरोद्याकडून शंटिंगचे धक्के ऐकू येत होते, डब्याला डबा जुळल्याचे. केवलराम एक-दोन मोजून गेला, मग मोजणं सुटलं.