नुसती लिंक

गारखेड्यात टँकरच्या रांगेत उभ्या असताना मीनाक्षीताईंच्या फोनवर अनोळखी नंबरवरून पहिलाच मेसेज आला. नुसती लिंक. ना नमस्कार, ना नाव.

"हिमानीच असणार! यंदा उत्सवाचं कीर्तन मला डावलून तिला दिलं, आता जळवायला व्हिडिओ धाडते," ताई शेजारी उभ्या लेकीला म्हणाल्या.

"आई, नंबर तरी ओळखीचा आहे का? उघडू नकोस, आधी विचार," ओवी म्हणाली.

ताईंनी एक झणझणीत वाक्य लिहिलं, पुसलं आणि विचारलं, "आपण कोण? लिंक कशाची, आणि मला कशासाठी?"

लगेच उत्तर आलं. "ताई, मी हिमानी, नंबर नवा आहे. माझ्या कीर्तनाचा व्हिडिओ आहे. पूर्वरंगात तुमचा विहिरीचा दृष्टांत घेतला, नाव घ्यायचं राहिलं. तुम्ही नको म्हणालात तर काढून टाकते. काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतीच पाठवली."

ताईंनी हंडा खाली ठेवून व्हिडिओ उघडला. चूक शोधत शेवटपर्यंत ऐकला.

"राहू दे. खाली माझं नाव लिही," त्यांनी कळवलं.

दृष्टांत तिच्या तोंडी जास्त गोड वाटला, हे मात्र कळवलं नाही.