आडाच्या बोळाची ओळ

धनपाल अण्णा श्रावणात गेले, आणि माघ तोंडावर आला तरी रथोत्सवाचा कागद आता कुणी लिहायचा हे गावात ठरलं नव्हतं. ठरवायची वेळच कधी आली नव्हती. रथ निघणार म्हणून कुठला रस्ता बंद, किती वाजेपर्यंत बंद, गाड्यांनी कुठून जायचं, हे सगळं तीस वर्षं अण्णांनीच लिहिलं होतं. शेवटी उत्सव समितीचा सेक्रेटरी वीरधवल घरी आला आणि अण्णांच्या सुनेला म्हणाला, की वहिनी, लग्नानंतर तुम्ही कुपवाडला फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करत होता, तर हे काम तुमच्याच हातचं.

अंकिता मूळची फलटणची. मुलाच्या, अतिशयच्या, बाळंतपणात दुकान सुटलं ते सुटलंच. पोरगा आता सव्वा वर्षाचा होता आणि नवरा, आर्जव, दिवसभर कामावर. तिच्या वाटणीला वेळ यायचा तो पोराच्या झोपेतला, त्यातूनही कुकरची शिट्टी वजा करून जो उरेल तो. तरी ती हो म्हणाली. अण्णांचा कागद परक्या हातात जायला नको असं तिला वाटलं.

वीरधवलनं सोबत पोलीस ठाण्याचं परवानगीपत्र आणलं होतं आणि त्यासोबत एक तक्रारही. गेल्या वर्षी कुपवाडच्या कारखान्यांत जाणारी माणसं दुचाकीवरून आली, स्टँडवरच्या फलकापुढं थांबली, वाचत बसली, आणि वाचूनही मांडवातच घुसली. पाळीला उशीर झाला, बाचाबाची झाली. ठाण्याच्या साहेबांनी यंदा बजावलं होतं की गाडीवरच्या माणसाला इंजिन बंद न करता कळलं पाहिजे, असा कागद करा.

गेल्या वर्षीचा कागद तिनं समोर घेतला. वरचा निम्मा भाग समितीच्या नावांनी भरलेला. खाली एकच एक परिच्छेद, मुंग्यांच्या रांगेसारखा, मधे श्वास घ्यायला जागा नाही. तारखेऐवजी 'माघ वद्य पंचमी ते सप्तमी'. रस्ता बंद कुठून कुठपर्यंत, तर 'जुन्या चावडीपासून पुढे'. जुनी चावडी पडून किती तरी वर्षं झाली होती, तिथं आता मोबाईलचं दुकान होतं. मग मांडवाला जागा देणाऱ्यांचे आभार, मग पर्यायी मार्ग, मग पादत्राणं कुठं काढावीत, मग पुन्हा मार्ग. अण्णांसारखा टापटिपीचा माणूस. ज्याच्या सदऱ्याची घडी कधी मोडली नाही, पेठेतल्या सगळ्या दुकानदारांचे अर्ज ज्याच्याकडून लिहून नेले जायचे, त्यानं हे असं का लिहावं, हे काही तिला उलगडेना.

अतिशयला झोळीत टाकून तिनं काम उरकायला घेतलं. आधी परवानगीपत्रावरून रस्ते काढले, कारण आपल्या मनानं रस्ता बंद करायचा अधिकार समितीला नाही, हे तिला दुकानातल्या अनुभवानं माहीत होतं. नावं सगळ्यात खाली, बारीक. तिथी राहू दिली, पण तारीख आणि वारानंतर. 'जुन्या चावडी'ऐवजी 'बस स्टँड' लिहिलं. तासाभरात कागद उभा राहिला:

शुक्रवार ६ ते रविवार ८ फेब्रुवारी. सकाळी ७ ते रात्री ९.
बंद: बस स्टँड ते मंदिर, पेठेचा रस्ता.
दुचाकी, रिक्षा, मोटार: शाळेमागचा रस्ता.
ऊस ट्रॅक्टर, ट्रक, एसटी: कॅनॉल रस्ता.
रुग्णवाहिकेला अडवणार नाही. स्वयंसेवक वाट करून देतील.

तिनं तो वीरधवलला पाठवला. त्याचं लगेच उत्तर आलं, एकदम झकास. फक्त एक घाला, दुचाक्यांना आडाचा बोळ दाखवा. स्टँडवरून सरळ शाळेपाशी निघतो, मोबाईलच्या नकाशातबी दिसतो, लोकांचा दोन किलोमीटरचा वळसा वाचेल.

आडाचा बोळ तिनं कुठं तरी वाचला होता. तिनं अण्णांचा परिच्छेद पुन्हा बोट ठेवून वाचला. आभार आणि पादत्राणं यांच्या मधोमध, कुणाच्या नजरेला पडू नये अशा जागी ते वाक्य होतं: 'आडाच्या बोळातून कोणतेही वाहन नेऊ नये, ही नम्र विनंती.'

कपाटातली अण्णांची फाईल तिनं खाली काढली. कोरोनाची दोन वर्षं सोडून दरसालचा कागद त्यांनी लावून ठेवला होता. ती एकेक उलटत मागं गेली. देणगीदार बदलले, अध्यक्ष बदलले, ते एक वाक्य तेवढं बदललं नाही. जागाही तीच, आभारानंतर आणि चपलांच्या आधी.

सगळ्यात तळाचा कागद शहाण्णव सालचा. तो हातात आला आणि ती चमकली. त्यात परिच्छेद नव्हता. तारीख सुटी, बंद रस्ता सुटा, एका ओळीत एक गोष्ट, आकडे घालून, खाली पट्टीनं मारलेली रेघ. तिनं आत्ता केला होता तस्साच. आणि तिसरी ओळ ठळक अक्षरात: 'लहान वाहनांनी आडाच्या बोळाचा वापर करावा.'

देवघराशेजारी ब्राह्मीचा फोटो होता. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. आर्जवची थोरली बहीण, तो जन्मायच्या आधीच अपघातात गेली, एवढं अंकिताला ठाऊक होतं. त्यापुढं कुणी काही बोलायचं नाही, आणि नवी सून म्हणून तिनंही कधी विचारलं नव्हतं. फोटोच्या खाली साल लिहिलेलं होतं. तिनं ती काच कितीदा पुसली होती, साल वाचलं आज: शहाण्णव.

सासूबाई, चंदनबाला, सोप्यात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. अंकिता दोन्ही कागद घेऊन त्यांच्यापुढं बसली. कसं विचारावं हे तिला कळेना, म्हणून तिनं शहाण्णवचा कागद नुसता त्यांच्यासमोर ठेवला.

चंदनबालांचा हात सुपात थांबला. मग एक खडा उचलून त्यांनी बाजूला टाकला आणि सांगायला लागल्या, जसं काही शेजारच्या घरातलं सांगतात तसं, सपाट आवाजात. तेव्हा त्यांचं घर आडाच्या बोळातच होतं. रथ पेठेत आला होता. ब्राह्मीला तहान लागली म्हणून ती एकटीच घरी पळाली, रोजचाच बोळ, तिथं सायकलसुद्धा जपून जायची. त्या दिवशी मात्र गाड्यांमागं गाड्या. पलूसकडचा एक टेम्पोवाला होता, पोरगेलासाच. जोरात नव्हता, प्यालेला नव्हता. तिला उचलून तोच मंदिरापर्यंत धावत आला.

"तुज्या सासऱ्याच्या फुड्यात उबा ऱ्हायला," त्या म्हणाल्या. "खिशातनं ह्यो कागद काडला. म्हनला, मालक, ह्येच्यावर लिवलंय म्हनून आलो ओ मी."

झोळी जरा हलली. अंकितानं पायानं झोका दिला.

"त्येंचा कागद लय चांगला हुता गं," चंदनबाला म्हणाल्या. "समद्यांस्नी समजला. त्येच्या आदी एवड्या गाड्या कवा येत न्हवत्या बोळात."

म्हणून पुढच्या वर्षी समितीनं अण्णांनाच लिहायला लावलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही, पण ओळी मोडून सगळं एका परिच्छेदात कोंबलं. बोळाचं नाव एकटं एका ओळीवर ठेवायला त्यांचा हात धजला नसेल. घरी बायको वाचेल, तिच्या नजरेला एकदम पडायला नको, असंही असेल. चंदनबालांनी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. तीस वर्षं दोघं समोरासमोर बसून जेवले.

"त्येंस्नी वाटायचं मी वाचत न्हाई," त्या म्हणाल्या. "कागद छापून आला की मी आदी ती ओळ हुडकायची. घावली की मग जीव खाली पडायचा. चष्मा लागल्यापास्नं लय वेळ लागायचा."

एवढं बोलून त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं, पण डाळ काही दिसत नसावी.

संध्याकाळी वीरधवल आला, त्याला फ्लेक्स टाकायची घाई होती. अंकितानं त्याला सांगितलं की बोळ दाखवायचा नाही, उलट बंद म्हणून स्वतंत्र ओळीत घालायचा. तो वैतागला. परवानगीपत्रात बोळाचं नावच नाही, मग बंद कसा लिहिता, आणि बंद तरी कशापायी, दोन किलोमीटर कमी होत असताना. त्याचं पहिलं म्हणणं खरं होतं. म्हणून तिनं पुरवणी अर्जही लिहूनच ठेवला होता: बोळ अरुंद, दोन्ही बाजूंची दारं थेट रस्त्यावर उघडतात, बोळात अंगणवाडी आहे, तरी उत्सवाचे तीन दिवस वाहनांना मनाई व्हावी, दोन्ही तोंडांना समिती बांबू आणि माणूस देईल.

"वहिनी, अण्णा दरसाल लिवायचेच की ते," वीरधवल म्हणाला. "कोन वाचतंय? म्हातारपनाचा हट्ट हुता त्यो."

आतून चंदनबाला दारात आल्या. त्यांनी पदर सारखा केला.

"तुजा बा समितीत हुता रं तवा," त्या म्हणाल्या. "त्येला जाऊन इचार, आमची ब्राह्मी कुटं गेली."

वीरधवलनं विचारलं नाही. बहुतेक लहानपणी कानावर पडलेलं काही तरी त्याला त्या क्षणी जुळलं. त्यानं अर्ज घडी करून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याचा शिक्का मारलेलं पुरवणी पत्र मोबाईलवर आलं.

अंकितानं ओळ घातली. लाल पट्टी, पांढरी अक्षरं: 'आडाचा बोळ: सर्व वाहनांना बंद.' छापायला पाठवायच्या आधी तिनं मोबाईलचा पडदा सासूबाईंपुढं धरला. त्यांनी चष्मा शोधला नाही. नुसतं एकदा पाहिलं आणि मान हलवली. मग म्हणाल्या की अजून थोडी मोठी कर.

रविवारी रथ पेठेत आला तेव्हा चंदनबाला तिकडं गेल्याच नाहीत. अतिशयला कडेवर घेतलेल्या अंकिताबरोबर त्या बोळाच्या तोंडाशी, बांबूच्या आत, कुणाच्या तरी पायरीवर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी या बोळात पाऊल टाकलं नव्हतं, हे अंकिताला आज समजलं. आत बोळ रिकामा होता. दोन पोरी जमिनीवर खडूनं घरं आखून लंगडी घालत होत्या.

दुचाक्या येत होत्या. येणारा फलकाकडं बघायचा, इंजिन चालूच, आणि शाळेच्या बाजूला वळायचा. एक टेम्पो आला. ड्रायव्हर पोरगेलासाच होता. बोळाच्या तोंडाशी त्यानं वेग कमी केला, वर मान करून वाचलं, आणि स्टेअरिंग फिरवून निघून गेला. चंदनबालांचा हात नकळत अतिशयच्या पायाला घट्ट धरून होता. तो सैल झाला.

"बघा आई," अंकिता हळूच म्हणाली. "वाचलं त्यानं."

चंदनबाला टेम्पो गेला त्या बाजूला बघत राहिल्या. पेठेतून ताशांचा आवाज येत होता.

"व्हय," त्या म्हणाल्या. "तवाबी असंच वाचलं हुतं समद्यांनी."