लवाद कुठं बसणार

परदेशी खरेदीदाराला कापसाच्या गाठी पुरवायच्या इंग्रजी कराराचा मी मराठीत अनुवाद केला, आणि परतूरच्या आमच्या शेतकरी कंपनीचे मॅनेजर सोमेश्वर माझ्यावर बिघडले.

"ज्योत्स्नाताई, 'वाद पंचांपुढं मिटवू' एवढंच लिहा. लोकांना बराबर कळतं."

"त्याचीच भीती वाटते. पंच म्हटलं की लोकांना गावातला पार दिसतो. इथं लवाद सिंगापूरला बसणार, कायदा इंग्लंडचा लागणार आणि निवाडा अंतिम राहणार. तिन्ही गोष्टी वेगळ्या लिहिल्यात, तशाच राहतील."

"हे वाचून कुणी सही करणार न्हाई."

"न करू देत. शेवटचं कलम वाचा. दोन्ही भाषांत फरक निघाला तर इंग्रजीच खरी धरायची. मंग माझी गोड मराठी कुणाच्या कामाची?"

"मी दुसरा अनुवादक बघतो."

"बघा."

करारावर सही संचालक गोजरबाईंची व्हायची होती. त्यांनी लवादाचं कलम माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं.

"सिंगापूर काढून जालना घाला, मंग सही."

सोमेश्वर म्हणाले, "मावशी, ते लोक मानणार न्हाईत."

"आपण तरी कुठं मानलंय?"