समन्सासोबतचं पत्र

समन्स आलं तेव्हा पंचफुला मालेगावच्या घराच्या ओट्यावर तूर पाखडत होती. वाशीमच्या कोर्टाचा बेलिफ सायकलवरून उतरला, नाव विचारलं, आणि दोन कागद हातात देऊन पोचेवर सही मागितली. तिला सही तेवढी येत होती. नवरा इंद्रभान दोन वर्षांपूर्वी वारला, तेव्हा त्याची मालवाहू लारी आपल्या नावावर करून घेताना ती शिकली होती. लारीच्या विम्यावरही तेव्हाच तिचं नाव चढलं होतं.

कागद कशाचा आहे हे तिला न वाचताच कळलं. आठ महिन्यांपूर्वी मंगरूळपीरच्या रस्त्यावर तिच्या लारीखाली रूपला नावाच्या माणसाचा पाय सापडला होता. तांड्यावरचा माणूस, खडी फोडायच्या कामाला चालला होता. अकोल्याच्या दवाखान्यात पाय गुडघ्याखाली कापावा लागला. अपघाताची खबर तिने तेव्हाच विमा कंपनीला कळवली होती. पण तांड्यावर ती एकदाही गेली नव्हती. दीर जानरावने बजावलं होतं, "गेली का चूक कबूल केल्यासारखं होते."

समन्सही जानरावनेच तिच्या हातातून घेतलं. "मी पाह्यतो," म्हणाला आणि खिशात घातलं. तीन दिवस झाले तरी तो काही बोलेना. चौथ्या दिवशी सकाळी तिने विचारलं, "भाऊजी, त्या कागदाचं काय केलं?"

"काही करा लागत नाही. मी त्या रूपलाले भेटतो. थोडंबहुत हातावर ठेवू, दावा मागं घेईन तो. कंपनीले कायले सांगता? उगाच झंझट."

"कागद द्या तो," ती म्हणाली. जानराव तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने कागद काढून दिला, आणि ती चप्पल घालून निघाली तसा मागोमाग तोही निघाला.

फुलचंद अर्जनवीस तहसिलीसमोरच्या कडुलिंबाखाली बसायचा. पूर्वी वाशीमच्या एका वकिलाकडे वीस वर्षं कारकून होता, त्यामुळे इंग्रजी कागद त्याला चांगला समजे. त्याने समन्स वाचलं, सोबतची दाव्याची नक्कल वाचली, विम्याचा कागद मागून घेतला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"कधी मिळालं हे?"

"सोमवारी."

"अन् आज गुरुवार. बाई, विम्याच्या कागदावर छापलेलं हाय, कोर्टाचा कागद आला का लगेच कंपनीकडे पाठवा. आजच्या टपालानं गेलं पायजे."

"मंग आज मिळालं म्हनून लिहा," जानराव म्हणाला.

"बेलिफाच्या पोचेवर तारीख हाय, भाऊ."

"सोमवारच लिहा," पंचफुला म्हणाली. मग तिने जे मनात होतं ते विचारलं. "फुलचंदजी, कंपनीले कळवलं म्हंजे कंपनी वकील देईन. तो वकील रूपलाच्या विरुद्ध उभा राहीन. म्हंजे पाय त्याचा गेला, अन् वकील आमचा. हे मले पटत नाही. त्यापरीस मी लिहून देतो का चूक आमच्या ड्रायव्हरची, मदनसिंगची होती. गाडी चालवता चालवता मागं मालाचा दोर पाहून राह्यला होता तो. त्यानंच सांगितलं मले."

फुलचंदने टाक खाली ठेवला. "तसं लिहिलं तर रूपलाचंच नुकसान हाय. ऐका. कंपनीले इचारल्याबिगर कबुली द्याची नाही, वायदा करायचा नाही, असा करार हाय. तो मोडला, नाहीतर समन्स दडवून ठेवलं, तर कंपनी म्हनन, पैसे भरायची जबाबदारी आमची नाही. मंग निकाल एकट्या तुमच्यावर. तुमच्यापाशी काय हाय? एक जुनी लारी. ती विकून त्याले काय मिळन? कंपनी आत असली तर निकालाचे पैसे भरणं तिले भाग हाय. हा कागद पाठवला तरच त्याचं काही जमन."

आठ महिने पंचफुलाला वाटत होतं की विमा म्हणजे आपण आणि रूपला यांच्या मध्ये घातलेली भिंत. हा म्हातारा वेगळंच सांगत होता.

"मंग हे तरी लिहा," जानराव पुढे सरकला, "का तो माणूस दारू पेलेला होता. तांड्याचे लोक पेतातच."

"पेलेला नव्हता तो, भाऊजी."

"तुले काय माहीत?"

"सकाळी कामावर चाललेला माणूस होता. हातात हातोडा होता त्याच्या. मदनसिंगनंच उचलून घेतला तो रस्त्यावरून." तिने फुलचंदकडे पाहिलं. "कबुली बी नको, अन् खोटं बी नको. असं लिहिता येते का?"

"येते न. तसंच लिहा लागते."

फुलचंदने नागपूरच्या कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं आणि मराठीत वाचून दाखवलं. पॉलिसीचा नंबर, लारीचा नंबर, अपघाताची तारीख आणि तेव्हा पाठवलेल्या खबरेचा उल्लेख. मग: 'वाशीमच्या दिवाणी कोर्टाचं समन्स मला सोमवारी मिळालं. ते मूळ, दाव्याच्या नकलेसह, सोबत पाठवत आहे. माझ्या घरच्या माणसाकडे ते तीन दिवस राहिलं, म्हणून उशीर झाला. सुनावणीची तारीख समन्सात आहे. मी वादीला कोणतंही उत्तर, कबुली किंवा वचन दिलेलं नाही. कृपया माझ्यातर्फे बचावाची व्यवस्था करावी. ड्रायव्हर मदनसिंग माझ्याकडेच कामाला आहे. तुमचा माणूस येईल तेव्हा त्याने पाहिलं ते तो सांगेल.'

'घरच्या माणसाकडे' या शब्दांवर जानराव खाकरला. पंचफुलाने सही केली. समन्साची नक्कल ठेवून घेतली, पाकीट रजिस्टर करून पोचपावती जोडली. उठता उठता तिने फुलचंदला विचारलं, "तांड्यावर गेली तर चालते का?"

"दाव्याची गोष्ट सोडून काहीबी बोला. दुखणं इचारायले जायले कोणाची मनाई नाही."

जानरावची मनाई होती तेवढीच. ती दुसऱ्याच दिवशी गेली.

रूपला दारात बसून दोर वळत होता. बायको हिरीबाईने पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. पंचफुला आपणच जमिनीवर बसली. लवकर यायला हवं होतं, इतकंच तिने सांगितलं.

"कागद भेटला तुले?" हिरीबाईने विचारलं.

"भेटला. कंपनीकडे पाठवला."

"म्हंजे तुमचा वकील आमाले खोटं पाडन."

पंचफुलाला पुष्कळ सांगावंसं वाटलं, पण फुलचंदचं बोलणं तिने लक्षात ठेवलं. "त्याच्याबद्दल मले बोलता येत नाही," ती म्हणाली. रूपलाने दोराची गाठ मारली आणि मान हलवली. त्याला ते पटलं, की नुसतंच ऐकू आलं, हे तिला कळलं नाही.

पंधरा दिवसांनी कंपनीने अकोल्याचा वकील नेमला. त्याने तिच्या नावानं वकीलपत्र दाखल केलं आणि मदनसिंगला वाशीमला बोलावलं. निघण्याआधी मदनसिंग लारीपाशी घुटमळला. "बाई, काय सांगू?"

"तू जे पाह्यलं ते. मले सांगितलं तेच."

"नोकरी?"

"नोकरी माझ्याकडं हाय. वकिलाकडं नाही."

त्याने सगळं सांगितलं, दोराचंसुद्धा. वकिलाने ते लिहून घेतलं आणि यावर दावा लढवता येणार नाही असं नागपूरला कळवलं. दोन तारखा तशाच गेल्या. तिसऱ्या तारखेला दोन्ही वकिलांनी कोर्टापुढे तडजोड मांडली. ठरलेली रक्कम कंपनीने कोर्टात भरायची, आणि रूपलाने ती तिथूनच उचलायची. लारी पंचफुलाकडे राहिली.

कोर्टाच्या आवारात हिरीबाई चिंचेखाली उभी होती. तिने पंचफुलाला पाहिलं आणि पदर सावरला. रूपला कुबडी टेकत पायऱ्या उतरत होता, एकेक पायरी थांबून. दोघी त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"खोटं नाही पाडलं," हिरीबाई म्हणाली.

"नाही."

"पाय काही येत नाही परत."

रूपला शेवटच्या पायरीवर आला तेव्हा हिरीबाई पुढे झाली, आणि दोघं हळूहळू बसस्टँडकडे निघाली.