हुबेहूब सही

भाचा परदेशात. त्याचं बँक खातं मी चालवावं म्हणून त्याने मुखत्यारपत्र करून पाठवलं. बँकेने ते नोंदवून घेतलं, माझ्या सहीचा नमुनाही घेतला. तो ओळखीपुरता, असं मी समजले आणि आठवडाभर वहीत भाच्याची सही गिरवली. शेपटीसकट जमली.

प्लंबरच्या चेकवर ती ठोकून बँकेत दिला, तशी काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली. "काकू, ही सही कुणाची?"

"त्याचीच. हुबेहूब आहे ना?"

"म्हणूनच चालणार नाही. ही खोटी सही झाली. तुमचा नमुना उगाच घेतला का? सही तुमचीच करा, खाली 'खातेदारातर्फे मुखत्यार' लिहा."

मी गोरीमोरी झाले. दुसरा चेक लिहिताना विचारलं, "तो म्हणतोय, मावशी, तुझ्यासाठी शिलाई मशीन घे. तेही यातूनच?"

"नाही. पत्रात फक्त त्याच्या इथल्या घराची बिलं आणि दुरुस्ती आहे. भेट त्याची त्यानेच द्यायची."

घरी येऊन फोनवर त्याला सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. "मावशी, मशीन मीच पाठवतो. घर तू सांभाळ, तुझ्या सहीने."

उरलेल्या वहीत मी माझी सही गिरवायला घेतली. कैक वर्षांनी तिचं कुणाला काम पडलं होतं.