दादाच्या गोळ्या

दादाची पिळदार छाती पाहिली की धाकट्याच्या पोटात दुखायचं. त्याच्या स्वतःच्या स्तनाग्रांखाली सहा महिने दुखरा फुगवटा होता.

दवाखान्यात दादाला पडद्याबाहेर बसवून डॉक्टरीणबाईंनी त्याची छाती आणि वृषणं तपासली. "दोन्हीकडे रबरासारखी चकती आहे. काळजी वाटावी अशी कडक गाठ नाही, स्राव नाही. वयात येताना हे होतं, बहुधा वर्ष-दोन वर्षांत जातं. कुठली औषधं घेतोस?"

धाकटा कुजबुजला, "दादाच्या जिमच्या गोळ्या. चोरून. मला त्याच्यासारखं दिसायचं होतं."

"त्या गोळ्यांनी हे वाढू शकतं. आजपासून बंद. रक्तही तपासू."

पडद्यापलीकडे दादाने हे ऐकलं, पण तो रागावला नाही. तो म्हणाला, "मॅडम, मलाही बघा. छातीत डावीकडे कडक गाठ लागतेय."

बाई लगेच तिकडे वळल्या. इथंही यालाच मान, असं धाकट्याला वाटलं. मग 'कडक' हा शब्द त्याच्या डोक्यात शिरला.